मखराच्या पाईपला साध्या कापडाची झालर: झोळ दोरीसारखा लटकतो, कापड नक्की किती घ्यायचं?

प्राजक्ता_ठाणे

घरच्या गणपतीसाठी एक इंची पीव्हीसी पाईपचा सांगाडा केला आहे. रुंदी ६ फूट, उंची ७ फूट, खोली २ फूट. २०१८ च्या बंदीपासून थर्माकोल घरात येत नाही, त्यामुळे सगळं कापडाचंच करायचं ठरवलं आहे. पांढरं मॅट सॅटिन आहे, पन्हा ४४ इंच, दहा मीटर आणून झालं. मागे उभ्या चुण्या हव्यात, समोरच्या वरच्या पाईपला तीन झोळ आणि दोन्ही टोकांना खाली सोडलेले सोगे.

झालरीला तिप्पट कापड लागतं असं ऐकलं होतं, म्हणून ६ फुटाच्या पाईपला १८ फूट कापड घेऊन चार ठिकाणी सेफ्टी पिना लावून पाहिल्या. झोळ इतका खाली आला की मूर्तीचा मुकुटच झाकेल. मग वर ओढून पाईपला वेढे दिले. आता मध्ये दोरखंडासारखा जाड गोळा लटकतो आणि वरची कड ढिली पडून मागचा पाईप दिसतो. मागच्या चुण्या वर नीट आहेत, पण खाली पंख्यासारख्या फाकतात.

कापड कमी पडतंय की जास्त झालंय? पिना कुठे लावू? वजन घालावं लागतं का?

---

उत्साही_सजावटकार

ताई, कापड कमीच आहे. झालर भरगच्च दिसायला तिप्पट काय, साडेतीनपट घ्या. आणि प्रत्येक झोळाच्या मध्यावर आतून एक वजन शिवा, मोठा वायसर चालेल. वजनाने झोळ आपोआप खाली बसतो आणि गोल होतो. उभ्या चुण्यांना मात्र दुप्पट पुरते.

---

मोहनकाका_डोंबिवली

पडद्यासाठी रिंगवाल्या पट्टीचं कापड घेतलं तर चुण्यांची कटकटच राहत नाही. रॉडमध्ये ओवायचं आणि सरकवायचं. आमच्या हॉलच्या खिडकीला तसंच आहे. रिंगा मात्र सम संख्येत घ्या, नाहीतर एक टोक पुढे आणि एक मागे जातं.

---

मंडपवाले_नाना

काका, प्रश्न खिडकीच्या पडद्याचा नाही, मखराच्या झालरीचा आहे. पण सम संख्येचं बरोबर सांगितलंत.

प्राजक्ताताई, तुमचं कापड कमी नाही. ते चुकीच्या दिशेला जास्त झालं आहे. उभ्या पडद्यात दुप्पट-तिप्पट म्हणतात ते पाईपच्या लांबीच्या हिशेबाने, कारण तिथे चुणी पाईपच्या दिशेने पडते. झोळात घड्या आडव्या पडतात, एकीखाली एक. म्हणून झोळाचं जादा कापड लांबीत नसतं, उंचीत असतं. लांबीत जादा दिलं की झोळ दाट होत नाही, नुसता खोल होतो. दोन पिनांमध्ये २४ इंच अंतर आणि कापड ७२ इंच, म्हणजे झोळ अडीच फुटांहून खाली जाणारच.

आता लांबी कशी काढायची. पाईपवर २४ इंचांवर दोन खुणा करा आणि त्यांच्यामध्ये एखादी बारीक साखळी टांगा. सुतळी नको, ती वळणावर ताठ राहते. मुकुटाच्या वर जिथे झोळाचं पोट हवं तिथपर्यंत साखळी सैल करा आणि मग काढून सरळ मोजा. तेवढीच खालच्या कडेची लांबी. २४ इंची अंतराला ८ इंच खोल झोळ हवा असेल तर ३० इंच भरते, १० इंचांना सुमारे ३३ आणि १२ इंचांना ३६. म्हणजे झोळ दोन इंच खाली न्यायला जेमतेम तीन इंच कापड जादा लागतं. तिप्पट कुठून आलं बघा!

उंचीचं: झोळ तयार होऊन १० इंच दिसायचा असेल तर कापडाची उंची त्याच्या दुपटीहून थोडी जास्त घ्या, २२ इंच. म्हणजे तुमचा अर्धा पन्हा. आख्खा ४४ इंच पन्हा एका झोळात कोंबला तर चौपटीवर जातं, पिनेजवळ मुठीएवढा गठ्ठा होतो आणि तोच तुम्हाला दोरखंड दिसतो आहे.

---

प्राजक्ता_ठाणे

नाना, हे कुणीच असं सुटं करून सांगितलं नव्हतं. झोळ १० इंचांचाच हवा आहे, मुकुटाच्या वर चार बोटं मोकळी राहतात. पण लांबी बरोबर घेतली तरी वरची कड ढिली पडेलच ना? कापडाच्या दोन्ही कडा सारख्याच लांबीच्या आहेत.

---

सुईदोरा

अगदी नेमकं बोललात, सगळी गोम तिथेच आहे. खालच्या कडेला ३३ इंचांचा बाक घ्यायचा आहे आणि वरची कड पाईपलगत जवळजवळ सरळ जायची आहे, तिला २५ इंच पुरतात. एक इंच ढील ठेवा, अगदी ताणून बसवलं तर वरच्या घडीला आडव्या रेघा उठतात. उरलेले ८ इंच तसेच सोडले की वरची कडही झोळाबरोबर खाली येते, सगळे थर एकाच खोलीला जाऊन तळाशी एकावर एक बसतात. दोरीसारखा झोळ होतो तो यानेच, नाना म्हणतात त्या गठ्ठ्याने फक्त भर पडते. घड्या वेगवेगळ्या दिसायच्या असतील तर प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा लांब असायला हवा.

शिवणकामात आम्ही हे कापूनच करतो. वर २५, खाली ३३, उंची २२ असा तुकडा, दोन्ही बाजू तिरक्या. प्रत्येक झोळ स्वतंत्र. तिरक्या बाजूंना चुण्या घातल्या की घड्या आपोआप मध्यात फाकतात.

---

मंडपवाले_नाना

कापायची गरज नाही. आमच्या धंद्यात ताका कापला तर पुढच्या लग्नाला काय वापरणार? आम्ही ते ८ इंच पिनेच्या मागे दडवतो.

पन्हा लांबीत मधोमध दुमडून घ्या, उंची २२ इंच झाली. दुमड खाली ठेवा, दोन्ही काठ वर. खालची कड दुमडीची असल्याने शिवायची गरज नाही आणि एकही धागा सुटत नाही. आता खडूने खुणा. खालच्या कडेवर, सोग्याचे ३० इंच सोडून, ३०, ६३, ९६ आणि १२९ वर. वरच्या कडेवर मात्र ६३ च्या जागी दोन खुणा, ५९ आणि ६७. तसंच ९६ च्या जागी ९२ आणि १००. टोकांना एकच खूण, ती झोळाच्या बाजूला चार इंच आत, म्हणजे ३४ आणि १२५. वरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजून बघा, तिन्ही झोळांना २५ भरेल.

लावताना ५९ आणि ६७ या खुणा समोरून एकमेकींना भिडवायच्या आणि मधलं ८ इंच कापड मागे त्रिकोणी दुमडायचं. त्याचं टोक खाली ६३ वर संपतं. मग त्या रेषेवर २२ इंचांच्या पाच घड्या, साधारण साडेचार-साडेचार इंचांच्या, साडीच्या निऱ्यांसारख्या हातात घ्या. पहिली घडी वरची, तीच सर्वांत ताठ. शेवटची दुमडीची. एकूण कापड १५९ इंच, वर थोडी सूट धरून सव्वाचार मीटर.

---

सुईदोरा

पद्धत मान्य आहे, पण नाना, दुमडलेल्या सॅटिनचे दोन थर, पाच घड्या आणि मागचा त्रिकोण, हे सगळं एका पिनेत घ्यायचं म्हणजे पीन वाकते. ताका जपायचा नसेल तर घरच्या मखराला एकेरी कापड आणि कापलेला तुकडाच बरा. खालच्या कडेला पाव इंची बारीक दुमड घालून धावदोरा मारायचा, संपलं.

---

इचलकरंजीकर

या हिशेबात एक गोष्ट राहिली. प्राजक्ताताईंकडे दहाच मीटर आहे आणि ते सॅटिन आहे.

सॅटिनमध्ये ताण्याचे, म्हणजे कापडाच्या लांबीतले, धागे पृष्ठावर तरंगतात, त्यामुळे चमक ताण्याच्या दिशेवर अवलंबून असते. मागचा पडदा ताणा उभा ठेवून लागणार. नानांच्या पद्धतीने सलग पट्टा आडवा लावला तर त्यात ताणा आडवा जातो. एकाच ताक्यातलं कापड असूनही समोरची झालर आणि मागचा पडदा दोन वेगळ्या छटांचे दिसतील, त्यात समोर पिवळा दिवा असला की फारच. मॅट सॅटिनला हे कमी जाणवतं, पण जाणवतं. मलमलीला किंवा मांजरपाटाला हा प्रश्नच नाही.

म्हणून झोळ आडव्या पन्ह्यातून कापा, म्हणजे त्यातही ताणा उभाच राहील. ४४ इंचांच्या पन्ह्यात ३३ इंचांचा तुकडा आणि दोन्हीकडची शिवणीची सूट आरामात बसते. प्रत्येक झोळाला लांबी २४ इंच घ्या, २२ तयार आणि दोन दुमडीला. तिघांचे ७२ इंच. सोगे ३६ इंचांच्या एका तुकड्यातून पन्हा मधोमध चिरून दोन. एकूण १०८ इंच, पावणेतीन मीटर. मागच्या पडद्याला ८४ इंच उंची, वर पाईपला वळवायला ४ आणि खाली दुमडीला ६, असे ९४ इंचांचे तीन पन्हे म्हणजे ७ मीटर १६ सेंटिमीटर. बेरीज ९ मीटर ९१. दहा मीटरमध्ये बसतं, पण दुकानदाराने कापड तिरकं फाडलं असेल तर नाही. आधी एक आडवा धागा ओढून कड सरळ करून मोजा. नानांच्या पद्धतीने साडेअकरा मीटर लागेल.

---

मंडपवाले_नाना

छटेचं खरं आहे. म्हणूनच मंडपात झालर मुद्दाम दुसऱ्या रंगाची घेतात, भगवा पडदा तर पिवळी झालर. प्रश्नच मिटतो.

---

प्राजक्ता_ठाणे

मग मी आडव्या पन्ह्यातूनच कापते. मागे तीन पन्हे म्हणजे ६ फुटांना दुप्पटसुद्धा होत नाही. चालेल का? की आणखी अडीच मीटर आणू?

---

सुईदोरा

शिवणीत जाऊन प्रत्येक पन्ह्याचे ४३ इंच धरा. तीन पन्हे १२९ इंच, म्हणजे पावणेदोन पटीहून थोडं जास्त. चार पन्हे १७२, सुमारे २.४ पट. सॅटिन अंगाने भारी आहे, तीन पुरतात. मागून दिव्यांची माळ सोडणार असाल किंवा जॉर्जेट, नेट वगैरे असतं तर चार सांगितले असते, कारण पारदर्शक कापडाच्या चुण्या विरळ असल्या की पलीकडची भिंतच दिसते.

खुणा दोन्ही वेळी सारख्याच येतात. काठापासून दर ७ इंचांवर एक खूण, एका पन्ह्यात सहा चुण्या. तीन पन्हे असतील तर प्रत्येक ७ इंचांतले ४ समोर दिसतील आणि ३ आत जातील, म्हणजे दीड इंच खोल चुणी. चार पन्हे असतील तर ३ दिसतील आणि ४ आत. सहा चुण्यांत ४२ इंच संपतात, उरलेला एक इंच शेजारच्या पन्ह्याखाली सरकवायचा. मी जोड शिवते. काही लोक नुसता चुणीच्या आत लपवतात, तेही चालतं. मात्र मागे दिवा असेल तर जोड उभ्या काळ्या रेघेसारखा दिसतो.

चुणीला चुणी भिडवायची असेल, मध्ये अजिबात सपाट जागा न ठेवता, तर पूर्ण तिप्पट लागतं. तुम्ही ऐकलेलं तिप्पट बहुधा तिथलं असावं.

---

उत्साही_सजावटकार

ठीक, लांबी-उंचीचा घोळ मान्य. पण वजनाचं काय चुकलं? पडद्याच्या तळाला वजन असतंच की.

---

इचलकरंजीकर

उभ्या पडद्याला असतं, आणि तिथे ते बरोबर आहे. झोळाच्या मध्यावर एकच वजन घातलं की सगळा ताण दोन पिना आणि तो एक बिंदू यांच्यामध्ये सरळ रेषेत जातो. झोळ गोल न राहता इंग्रजी व्ही होतो आणि घड्यांना मध्यावर कोपरे फुटतात. झोळाचा बाक कापडाच्या स्वतःच्या, सगळीकडे सारख्या पसरलेल्या वजनाने येतो. अगदी हलकं कापड असेल, पंख्याने उडत असेल, तर वजन पूर्ण खालच्या कडेत पसरून द्यायचं. पडद्याच्या दुकानात बारीक मण्यांची शिशाची साखळी मीटरवर मिळते, ती दुमडीत ओवायची. सॅटिनला झोळात काहीच नको.

मागच्या पडद्याला मात्र तीच साखळी खालच्या दुमडीत सलग घाला. टोकं एकेका टाक्याने पक्की करा, नाहीतर ती सरकून एका कोपऱ्यात गोळा होते. लोखंडी वायसर घालणार असाल तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घाला. भाद्रपदातल्या दमट हवेत पांढऱ्या सॅटिनवर गंजाचे डाग उतरतात आणि ते जात नाहीत.

---

मंडपवाले_नाना

चुण्या खाली फाकण्याचं कारण एकटं वजन नाही. वर दर ७ इंचांवर खूण केली आणि खाली हाताने अंदाजे सोडलं, तर प्रत्येक चुणी जरा तिरकी उतरते. खालच्या कडेवरही त्याच ७ इंची खुणा करा आणि आधी जमिनीवर पसरून चुण्या वर-खाली दोन्हीकडे कच्च्या टाक्यांनी धरा. मग उभं करा. रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खालची कड जमिनीपासून मोजून दुमडा, कारण कापड आपल्या वजनाने थोडं उतरतं. शेवटी कच्चे टाके काढा. गुडघ्याच्या उंचीवर मागून एक पांढरी फीत आडवी टाचली तर चुण्या दहा दिवस हलत नाहीत.

आता पिना. पीव्हीसीवर पीन रुतत नाही, म्हणून लोक पाईपला वेढे देतात किंवा चिकटपट्टी लावतात. चिकटपट्टी ओलाव्याने तिसऱ्या दिवशी सुटते. वरच्या पाईपवर सुती नवार घट्ट तिरकी गुंडाळून दोन्ही टोकांना टाके घाला. त्या नवारीत सेफ्टी पीन छान धरते. पीन नेहमी आडवी लावायची, कापड खाली ओढतं त्याला काटकोनात. उभी लावली तर घड्यांचा गठ्ठा तिच्याभोवती फिरतो आणि झोळ एका बाजूला कलतो. पीन सगळ्या घड्यांतून काढू नका. मागच्या दोन-तीन थरांतून घ्या, वरची घडी तिच्यावर पाडा, म्हणजे दिसतही नाही.

सांगाडा लाकडी असेल तर साधी टाचणी चालते. ती तिरकी ठोकायची, टोक आत आणि खाली, डोकं वर. वजन पडलं की कापड लाकडाकडे सरकतं. उलट तिरकी ठोकली तर ते डोक्याकडे घसरत बाहेर येतं.

---

गौरीची_मावशी

आम्ही गौरींच्या मागे साड्याच लावतो. सहावारी रेशमी साडीचे झोळ करता येतील का याच मापाने? जरीचा काठ खराब होईल अशी भीती वाटते.

---

सुईदोरा

मावशी, येतील, आणि छान येतील, कारण साडीचा काठ झोळाच्या खालच्या कडेला आपसूक येतो. साडी कापायची नाही म्हणजे नानांची पद्धत, फक्त दुमड वर आणि काठ खाली ठेवायचे, वरचं जादा कापड मागे दडवायचं. साडी साधारण साडेपाच मीटर असते, म्हणजे २१६ इंच. ३३ इंचांचे तीन झोळ धरले तर सोग्यांना भरपूर उरतं, पदर एका बाजूला पूर्ण उघडा सोडता येतो.

पीन जरीतून कधीच काढू नका, तुटलेली जर परत बसत नाही. रेशमातूनही नको. घड्या हातात घेतल्यावर त्यांच्याभोवती मऊ सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी बांधायची आणि पीन त्या पट्टीतून नवारीत घालायची. साडीला भोक पडतच नाही. आणि साडी पाईपवर सरळ ठेवू नका, पाईपच्या कापलेल्या टोकाची कडा धारदार असते, मध्ये नवार हवीच.

---

न्यूजर्सीकर

इकडे पॉलिएस्टर सॅटिन ५८-६० इंच पन्ह्याचंच मिळतं. अर्धा पन्हा ३० इंच होतो. १० इंच झोळाला तिप्पट. जास्त होईल ना?

---

मंडपवाले_नाना

जास्त होईल. पन्ह्याच्या तीन पट्ट्या करा, २० इंची. किंवा आख्खा अर्धा घ्या आणि झोळ १३-१४ इंच खोल ठेवा. पिनांमधलं अंतरही मग ३० इंच करा. आणि पॉलिएस्टर आहे हे विसरू नका, पेटलं की वितळून थेंब पडतात. समई झोळाच्या खाली नको, चांगली पुढे.

---

सुईदोरा

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही. झोळ उरेब कापला, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेवर, तर घड्या जास्त गोल आणि मऊ पडतात. सरळ धाग्यावर कापलेल्या झोळात मध्यावर किंचित टोक येतंच. मी तरी २४ इंचांच्या झोळालाही उरेब कापेन.

---

इचलकरंजीकर

उरेबचा फायदा खरा आहे, कारण तिरक्या दिशेला कापड ताणलं जातं आणि बाक घेतं. पण ३३ इंचांचा तुकडा ४४ पन्ह्यातून तिरका काढायचा म्हणजे दोन्हीकडे मोठे त्रिकोण वाया जातात, आणि ताईंकडे शिल्लक ९ सेंटिमीटर आहे. शिवाय मी म्हटलं ती छटा परत बदलेल. ४० इंचांहून मोठ्या झोळाला, किंवा टाफेटासारख्या कडक कापडाला मी उरेब सांगेन. मऊ सॅटिनच्या लहान झोळात तो फरक लांबून दिसत नाही.

---

सुईदोरा

लांबून दिसत नसेल. घरचं मखर लोक दोन फुटांवरून बघतात.

---

प्राजक्ता_ठाणे

उरेबचा वाद पुढच्या वर्षी! काल सगळं आडव्या पन्ह्यातून कापलं, नवार गुंडाळली, साखळी टांगून ३३ इंच मोजले. झोळ खरंच उघडले, घड्या पाचही सुट्या दिसतात. पण मधला झोळ दोन्ही बाजूंच्या झोळांपेक्षा जवळजवळ इंचभर खाली दिसतोय. तिन्ही तुकडे एकावर एक ठेवून कापले होते, माप सारखंच आहे.

---

मंडपवाले_नाना

कापड नाही, पाईप वाकला आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा, मध्ये फट दिसेल. एक इंची पीव्हीसीला ६ फुटांचा पल्ला जास्तच आहे, त्यात मागचा पडदा आणि साखळी त्याच पाईपवर असेल तर बघायलाच नको.

---

प्राजक्ता_ठाणे

हो, मागचा पडदाही समोरच्या पाईपवरूनच मागे नेला आहे, वरती छत व्हावं म्हणून. दोरा धरला, पाऊण इंच फट आहे.

---

मंडपवाले_नाना

मग पडद्याचं वजन मागच्या पाईपवर टाका, पन्ह्याचा वरचा भाग तिथेच टाचा आणि छताला सुटा तुकडा घ्या. समोरच्या पाईपच्या आत बसेल असा सरळ वासा किंवा वायरिंगचा लोखंडी पाईप सरकवा. नवार काढायची गरज नाही, टोकाचा एल्बो उघडला की जातो. एवढं केल्यावरही पाव इंच राहिला तर मधल्या दोन पिना अर्धा इंच वर घ्या, कापडाला हात लावू नका.

---

इचलकरंजीकर

आणि छताला सुटा तुकडा म्हणजे ६ बाय २ फूट, निदान दोन मीटर आणखी. त्याच ताक्यातलं आहे का ते दुकानात दिवसाउजेडी पाहून घ्या, पांढऱ्यात ताक्याताक्याला फरक असतो.

---

गौरीची_मावशी

सुईदोरा, ती सुती पट्टी गाठ मारून बांधायची की टाका घालून?

---

सुईदोरा

टाका घालून. गाठीचा फुगवटा घडीवर उमटतो.